स्लीप स्टडीचा रिपोर्ट एका पानाच्या तक्त्यात कसा उतरवायचा: थांबलेला श्वास, घसरलेला ऑक्सिजन आणि तीव्रतेची श्रेणी

मी स्लीप लॅबमध्ये काम करते. झोपेत श्वास किती वेळा थांबतो आणि ऑक्सिजन किती घसरतो, हे आम्ही रात्रभर तपासतो. मागच्या वर्षी एक मुलगी वडिलांचा रिपोर्ट घेऊन परत आमच्याकडे आली. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला तिने चौदा पानांच्या रिपोर्टवरून वहीच्या पानावर निळ्या शाईत, पट्टीने आखून तक्ता केला होता. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, "सर्वांत कमी ऑक्सिजन: १८%". घरात दोन दिवस सगळे धास्तावलेले. रिपोर्टात १८ हा आकडा होता, पण तो ऑक्सिजन एका वेळी जास्तीत जास्त किती घसरला याचा होता. ९६ वरून ७८ वर आला, म्हणून घसरण १८ ची. सर्वांत कमी ऑक्सिजन ७८% होता.

अशा चुका मी दर महिन्याला पाहते, आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आकडा उतरवला जातो, पण तो कशाचा आहे आणि कशाने भागलेला आहे हे मागेच राहतं. म्हणून खाली तेच धरून पुढे जाऊ. उदाहरण प्रौढ माणसाच्या, लॅबमध्ये रात्रभर केलेल्या तपासणीचं घेतलं आहे, त्याच वडिलांच्या रिपोर्टसारखं. आकडे मात्र हिशेब समजावा म्हणून मी मांडले आहेत.

## टप्पा १: पेन हातात घेण्याआधी रिपोर्टचा प्रकार ओळखा

पहिल्या पानावर तपासणी कोणती झाली ते लिहिलेलं असतं. तीन प्रकार वेगळे ठेवायचे.

१. लॅबमधली पूर्ण रात्र. डोक्याला तारा लावलेल्या असतात, त्यामुळे माणूस नक्की किती वेळ झोपला हे कळतं. पुढचे टप्पे याच प्रकारासाठी आहेत.

२. घरी नेलेलं यंत्र. बहुतेक यंत्रांत डोक्याच्या तारा नसतात. झोप मोजलेली नसते, फक्त यंत्र किती वेळ नीट चालू होतं ते माहीत असतं. मुख्य आकड्याला, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला त्याला, अशा रिपोर्टात बऱ्याचदा `AHI` ऐवजी `REI` म्हणतात.

३. अर्धी रात्र तपासणी, अर्धी रात्र मशीन. पहिल्या भागात श्वास फारच थांबताना दिसला, तर त्याच रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावून दाब ठरवतात. रिपोर्टात `Split Night` असं लिहिलेलं असतं.

तिसऱ्या प्रकारात सगळ्यात महाग चूक होते, म्हणून इथे थोडं थांबते. समजा पहिल्या भागात १३० मिनिटं झोप झाली आणि १०४ वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. तासाला हिशेब ४८ येतो. मग मशीन लावलं, पुढच्या २३० मिनिटांच्या झोपेत २३ वेळाच झालं, म्हणजे तासाला ६. दोन्ही भाग एकत्र करून पूर्ण रात्रीची सरासरी काढली तर २१.२ येते, आणि आजार 'मध्यम' दिसतो. पण उपचाराशिवाय त्या माणसाचा आजार ४८ चा, म्हणजे तीव्र आहे. सरासरीत उपचाराचा फायदा मिसळला, आणि आजारच हलका दिसू लागला.

> सावध: रिपोर्टात दोन भाग असतील तर तक्तेही दोन करा. तीव्रतेची श्रेणी फक्त मशीन लावण्याआधीच्या भागावरून घ्या.

रुग्ण लहान मूल असेल तर इथेच थांबा. मुलांमध्ये तासाला १ इव्हेंटसुद्धा, म्हणजे श्वास थांबण्याचा किंवा उथळ होण्याचा एक प्रसंगसुद्धा, डॉक्टर गांभीर्याने पाहतात. मोठ्यांच्या श्रेणीत तो आकडा घातला तर 'सामान्य' असं चुकीचं उत्तर मिळेल.

## टप्पा २: झोपेचे तास आधी लिहा

तक्त्याची पहिली ओळ श्वासाची नाही, झोपेची. रिपोर्टात वेळेचे निदान दोन आकडे असतात आणि ते शेजारी शेजारी छापलेले असतात. तिथेच नजर घसरते.

| रिपोर्टातलं नाव | म्हणजे काय | उदाहरण |
|---|---|---|
| `TRT` | रेकॉर्डिंग किती वेळ चाललं | ४५२ मिनिटं |
| `TST` | त्यातली प्रत्यक्ष झोप | ३७२ मिनिटं |

आपल्याला `TST` हवा. माणूस दिवे घालवल्यावर अर्धा तास कूस बदलत पडलेला असतो, मध्ये उठून बाथरूमला जातो. तो वेळ झोपेचा नाही, आणि त्या वेळेतले इव्हेंटही मोजत नाहीत.

मिनिटांना ६० ने भागा: ३७२ ÷ ६० = ६.२ तास.

> सावध: ६.२ तास म्हणजे ६ तास १२ मिनिटं. रिपोर्टात `6:12` छापलेलं असेल तर ते ६.१२ असं लिहू नका. ६ तास ४५ मिनिटांच्या झोपेत हीच चूक केली तर ६.७५ ऐवजी ६.४५ ने भागलं जाईल आणि आकडा विनाकारण फुगेल.

> तपासा: `TST` भागिले `TRT` केल्यावर रिपोर्टातली झोपेची टक्केवारी, म्हणजे `Sleep Efficiency`, साधारण जुळली पाहिजे. इथे ३७२ ÷ ४५२ = ८२.३%. काही लॅब दिवे घालवल्यापासूनचा वेळ धरतात, त्यामुळे दोनेक टक्क्यांचा फरक चालेल. फरक मोठा असेल तर तुम्ही चुकीची ओळ उचलली आहे.

## टप्पा ३: श्वासाचे इव्हेंट मोजून उतरवा

रिपोर्टात श्वासाच्या इव्हेंटचं एक मोठं कोष्टक असतं. त्यात रांगा खूप, पण साध्या तक्त्याला चारच लागतात.

श्वास पूर्ण थांबला म्हणजे अ‍ॅप्निया: हवेचा प्रवाह ९०% किंवा त्याहून जास्त कमी झाला आणि निदान १० सेकंद तसाच राहिला. याचे तीन प्रकार छापलेले असतात. घसा मिटला पण छाती-पोट श्वासासाठी झगडत राहिलं, तो ऑब्स्ट्रक्टिव्ह. मेंदूकडून श्वासाचा हुकूमच आला नाही आणि छातीही स्तब्ध राहिली, तो सेंट्रल. सुरुवातीला सेंट्रल आणि शेवटी ऑब्स्ट्रक्टिव्ह, तो मिक्स्ड.

श्वास उथळ झाला म्हणजे हायपॉप्निया: प्रवाह निदान ३०% ने कमी, निदान १० सेकंद, आणि त्यासोबत ऑक्सिजनची घसरण किंवा झोपेतून क्षणभर जाग.

या 'सोबत'च्या अटीत खरी गोम आहे. एक नियम सांगतो, ऑक्सिजन ३% ने घसरला किंवा मेंदूच्या लहरींत जाग दिसली तर मोजा. दुसरा नियम कडक आहे: ऑक्सिजन ४% ने घसरला तरच मोजा. एकाच माणसाची एकच रात्र, पण पहिल्या नियमाने इव्हेंट जास्त भरतात आणि दुसऱ्याने कमी. काही रिपोर्टांत दोन्ही आकडे छापलेले असतात. कुठला नियम वापरला ते बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. ते शोधा आणि तक्त्याखाली लिहून ठेवा. वर्षभराने दुसऱ्या लॅबमध्ये तपासणी केली आणि आकडा बदलला, तर आजार बदलला की नियम, हे त्या एका ओळीवरून कळतं.

आमच्या उदाहरणात:

ऑब्स्ट्रक्टिव्ह ८२, सेंट्रल ५, मिक्स्ड ३, म्हणजे पूर्ण थांबलेले श्वास ९०. उथळ श्वास १०८. एकूण १९८.

आता भागाकार: १९८ ÷ ६.२ = ३१.९. हाच एएचआय, झोपेच्या दर तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला त्याचा आकडा.

हीच १९८ संख्या चुकून रेकॉर्डिंगच्या वेळेने, म्हणजे ४५२ मिनिटांच्या ७.५३ तासांनी भागली असती तर २६.३ आला असता. ३१.९ तीव्र आहे, २६.३ मध्यम. फक्त शेजारची ओळ उचलल्याने श्रेणी बदलली.

> तपासा: तुमचा भागाकार आणि रिपोर्टातला छापील `AHI` यांत ०.१ पेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर आधी `TST` पुन्हा पाहा, मग इव्हेंटची बेरीज. तरीही जुळत नसेल तर आकडा तुमच्या मनाने दुरुस्त करू नका, लॅबला फोन करा. कधी कधी मशीनने आपोआप मोजलेले इव्हेंट आणि तंत्रज्ञाने पाहून मोजलेले इव्हेंट असे दोन संच एकाच रिपोर्टात राहून गेलेले असतात.

या टप्प्यावर आणखी एक गल्लत नेहमी होते. `RDI` नावाचा आकडा एएचआयच्या अगदी खाली असतो आणि तो मोठा असतो, कारण त्यात श्वासाला जोर लागून झोप मोडण्याचे प्रसंगही, म्हणजे `RERA`, धरलेले असतात. इथे असे ३१ प्रसंग आहेत, म्हणून (१९८ + ३१) ÷ ६.२ = ३६.९. तो तक्त्यात हवाच असेल तर स्वतंत्र ओळीत, त्याच्याच नावाने लिहा. एएचआयच्या जागी तो ठेवू नका.

कुशीवर आणि उताणं झोपलेल्या वेळेचे आकडे मात्र जरूर घ्या, कारण घरच्यांना सगळ्यात लवकर तेच समजतात. उताणं: ३.५ तास झोप, १५४ इव्हेंट, तासाला ४४. इतर कुशींवर: २.७ तास, ४४ इव्हेंट, तासाला १६.३. या दोन दरांची सरासरी काढून पूर्ण रात्रीचा आकडा म्हणून लिहिलेली मी पाहिली आहे. ४४ आणि १६.३ ची सरासरी ३०.२ येते, खरा आकडा ३१.९. वेळा वेगळ्या असल्या की दरांची सरासरी काढायची नसते. इव्हेंटची बेरीज करा, तासांची बेरीज करा, मग भागा.

## टप्पा ४: ऑक्सिजनचे चार आकडे, आणि चारच

ऑक्सिजनच्या पानावर आलेख, पट्टे, टक्के, मिनिटं यांची गर्दी असते. त्यातून एवढं घ्या:

१. झोपेआधी जागेपणीचा ऑक्सिजन: ९६%.

२. सर्वांत कमी ऑक्सिजन (`Lowest SpO2` किंवा `Nadir`): ७८%.

३. तासाला किती वेळा घसरला (`ODI`): २०५ घसरणी ÷ ६.२ = ३३.१. ही ३% ची घसरण धरली की ४% ची, हे सोबत लिहा. इथे ३%.

४. ९०% च्या खाली किती वेळ (`T90`): ४१ मिनिटं, म्हणजे झोपेच्या ११%.

सुरुवातीची १८% ची चूक दुसऱ्या ओळीत होते. रिपोर्टात `Max Desaturation` किंवा तशा नावाने घसरणीची खोली दिलेली असते, आणि तिच्यापुढेही टक्क्याचं चिन्ह असतं. ओळखायची खूण सोपी आहे: `SpO2` च्या पुढे छापलेला आकडा पातळी असते, `Desaturation` च्या पुढे छापलेला आकडा फरक. शंका आली तर जागेपणीच्या आकड्यातून घसरण वजा करून पाहा. ९६ वजा १८ बरोबर ७८, आणि ७८ रिपोर्टात दुसरीकडे सापडतोच. प्रत्येक रिपोर्टात हे इतकं चपखल बसणार नाही, कारण घसरण त्या क्षणाच्या आधीच्या पातळीपासून मोजतात. पण पातळी आणि फरक यांतली गल्लत लगेच उघडी पडते.

चौथ्या ओळीत मिनिटं आणि टक्के यांची अदलाबदल होते. `11.0` आणि `41.0` शेजारी छापलेले असतात. दोन्ही लिहा, म्हणजे वाचणारा ताडून पाहू शकतो.

> सावध: सर्वांत कमी ऑक्सिजन ५५% किंवा त्याहून खाली छापलेला दिसला, तर आलेखाचं पान उघडल्याशिवाय उतरवू नका. बोटाचा क्लिप सैल झाला की यंत्र काहीही आकडा दाखवतं. खरी घसरण उताराची असते: श्वास थांबल्यानंतर काही सेकंदांनी रेघ हळूहळू खाली जाते आणि श्वास सुरू झाल्यावर झपकन वर येते. क्लिप निसटलेला असेल तर रेघ उभी कोसळते, तळाशी सपाट राहते, आणि त्या वेळी श्वासाच्या रांगेत काहीच झालेलं नसतं. असं दिसलं तर त्या ओळीपुढे 'लॅबकडून खात्री करायची' असं लिहा. काही माणसांचा ऑक्सिजन खरोखरच इतका खाली जातो, म्हणून आकडा स्वतःहून खोडूही नका.

## टप्पा ५: तीव्रतेची श्रेणी

प्रौढांसाठी श्रेणी एएचआयवरून ठरते.

| एएचआय | श्रेणी |
|---|---|
| ५ पेक्षा कमी | सामान्य |
| ५ ते १५ पेक्षा कमी | सौम्य |
| १५ ते ३० पेक्षा कमी | मध्यम |
| ३० किंवा जास्त | तीव्र |

ऑक्सिजन या कोष्टकात नाही, हे ध्यानात ठेवा. 'ऑक्सिजन ७८ वर गेला म्हणून तीव्र' किंवा 'ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला नाही म्हणून सौम्य' असं लिहिणं चूक आहे. एएचआय २० आणि ९०% च्या खाली दीड तास, असाही माणूस असतो. त्याची श्रेणी 'मध्यम'च लिहायची, पण ऑक्सिजनची ओळ तिच्या शेजारी ठसठशीत दिसली पाहिजे. भूल देणारे डॉक्टर ती ओळ आधी पाहतील.

एक्सेलमध्ये तक्ता करत असाल तर `B1` मध्ये झोपेची मिनिटं, `B2` मध्ये एकूण इव्हेंट ठेवा आणि `B3` मध्ये हे सूत्र घाला:

```
=B2/(B1/60)
```

श्रेणीसाठी:

```
=IF(B3<5,"सामान्य",IF(B3<15,"सौम्य",IF(B3<30,"मध्यम","तीव्र")))
```

`B3` मधला आकडा आधी पूर्णांकात बदलू नका. २९.६ चा ३० केला की श्रेणी बदलते. दाखवताना एक दशांश स्थळ पुरे. आणि `5-14` असा पट्टा एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत टाईप केलात तर तो त्याची तारीख करतो; '५ ते १४.९' असं शब्दांत लिहा.

> तपासा: रिपोर्टच्या शेवटी डॉक्टरांनी लिहिलेला निष्कर्ष वाचा. तिथली श्रेणी आणि तुमची श्रेणी एकच हवी. वेगळी असेल तर तक्त्यात डॉक्टरांची श्रेणी लिहा आणि फरक त्यांनाच विचारा. वेगळ्या नियमाचा एएचआय त्यांनी धरलेला असू शकतो.

पूर्ण थांबलेल्या श्वासांत सेंट्रल निम्म्याहून जास्त असतील तर श्रेणीच्या आधी तीच गोष्ट लिहा. त्या आजाराची कारणं आणि उपचार वेगळे असतात, आणि नुसतं 'तीव्र' लिहिलं तर वाचणारा घसा मिटण्याचा आजार गृहीत धरतो. आपल्या उदाहरणात ९० पैकी ५ आहेत, म्हणून प्रश्न नाही.

## टप्पा ६: तक्ता मांडा

आता सगळं एका पानावर. तिसरा रकाना गाळू नका, त्यासाठीच ही सगळी खटपट आहे.

| बाब | आकडा | कशावर मोजला |
|---|---|---|
| प्रत्यक्ष झोप | ६.२ तास | ४५२ मिनिटांच्या रेकॉर्डिंगपैकी ३७२ |
| श्वास पूर्ण थांबला | ९० वेळा | घसा मिटून ८२, सेंट्रल ५, मिक्स्ड ३ |
| श्वास उथळ झाला | १०८ वेळा | ३% घसरण किंवा जाग |
| एएचआय | तासाला ३१.९ | १९८ ÷ ६.२ तास झोप |
| उताणं झोपल्यावर | तासाला ४४ | ३.५ तास |
| इतर कुशींवर | तासाला १६.३ | २.७ तास |
| जागेपणी ऑक्सिजन | ९६% | |
| सर्वांत कमी ऑक्सिजन | ७८% | आलेखावर पाहिलं, खरी घसरण |
| ऑक्सिजनच्या घसरणी | तासाला ३३.१ | ३% ची घसरण, ६.२ तास |
| ९०% च्या खाली | ४१ मिनिटं | झोपेच्या ११% |
| श्रेणी | तीव्र | एएचआयवरून, डॉक्टरांच्या निष्कर्षाशी जुळते |

वर तपासणीची तारीख, प्रकार आणि त्या रात्री ऑक्सिजन किंवा सीपॅप लावलं होतं का, हे लिहा. ऑक्सिजन लावून केलेल्या तपासणीचे आकडे तो न लावता केलेल्यांशेजारी ठेवले तर दिशाभूल होते.

घरच्या यंत्राचा रिपोर्ट असेल तर तक्ता हाच, पण दोन बदल करा. 'प्रत्यक्ष झोप' ऐवजी 'यंत्राने नीट नोंद केलेला वेळ' लिहा आणि एएचआयच्या जागी `REI` लिहा. झोपेऐवजी पूर्ण नोंदीच्या वेळेने भागल्यामुळे आणि जाग मोजता न आल्यामुळे हा आकडा लॅबमधल्यापेक्षा कमी यायची शक्यता असते. म्हणून त्याखाली 'घरची तपासणी' हे शब्द हवेतच.

तक्ता झाला की मूळ रिपोर्टची दोनच पानं त्याला टाचा: डॉक्टरांच्या निष्कर्षाचं आणि ऑक्सिजनच्या आलेखाचं. त्या मुलीने नवा तक्ता आमच्याच टेबलावर बसून केला. ७८ च्या पुढे तिने स्वतःहून 'पान ९ वरचा आलेख' असं लिहिलं. ती ओळ आता मी सगळ्यांना लिहायला सांगते, कारण भूल देणाऱ्या डॉक्टरांना नेमकं तेच पान लगेच उघडता येतं.